अंगठ्याखालची तीन अक्षरे

छापील पुस्तकाच्या पानांचे फोटो पाहून मजकूर उतरवून काढताना माझी गाठ वारंवार एका अंगठ्याशी पडते. पान सपाट राहावे म्हणून तो उजव्या कडेवर दाबलेला असतो आणि त्याच्याखाली ओळींची शेवटची अक्षरे गेलेली असतात. मराठी वाक्याचे क्रियापद, आणि त्याबरोबर होकार-नकारही, शेवटी येतो, त्यामुळे अंगठा बसतो तो बहुधा मोक्याच्या जागीच.

एका पानावर 'हे चूर्ण उपाशीपोटी घे' इथपर्यंत मजकूर दिसत होता. पुढची ओळ नव्या वाक्याने सुरू होत होती, म्हणजे आधीचे वाक्य अंगठ्याखालीच संपले होते. वरच्या ओळीत तेवढ्याच रुंदीत किती अक्षरे बसली आहेत हे मोजले, तेव्हा तीन अक्षरे आणि पूर्णविराम एवढीच जागा निघाली. नखाच्या वरून शेवटच्या अक्षराची मात्रा तेवढी डोकावत होती. 'घेऊ नये' त्यात नेमके बसत होते. पण 'घेता येते' हेही तितकेच नेमके बसत होते, आणि मात्रा दोन्हींच्या शेवटी आहे.

अशा वेळी नुसती तीन टिंबे देणे मला पटत नाही, कारण ती लेखकानेच दिली असावीत असे वाचणाऱ्याला वाटू शकते. शिलालेख आणि पपायरस यांच्या संपादनासाठी १९३१ मध्ये लायडन येथे ठरलेल्या संकेतांत चौकोनी कंसातील टिंबे नष्ट झालेली अक्षरे दाखवतात, एका अक्षराला एक टिंब याप्रमाणे. अंगठ्याखालची अक्षरे मात्र नष्ट झालेली नाहीत. ती मूळ पानावर सुखरूप आहेत, फक्त या फोटोत नाहीत. म्हणून मी कंसात कारणही लिहितो: 'घे[अंगठा: सुमारे ३ अक्षरे, शेवटी मात्रा]'. अंदाजाने सुचलेले शब्द मजकुरात न घालता तळटीपेत, प्रश्नचिन्हासह ठेवतो.

अंगठा गोल असल्यामुळे एका ओळीत तीन, खालच्या ओळीत सहा, त्याखाली आठ अशी अक्षरे झाकली जातात. सगळ्यांसाठी मिळून एकच कंस टाकला, तर मधल्या ओळींचे दिसणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकात नसलेले वाक्य तयार होते. म्हणून प्रत्येक ओळीला तिचा स्वतंत्र कंस लागतो. परिच्छेदाची शेवटची ओळ आखूड असेल आणि अंगठ्याच्या अलीकडेच पूर्णविराम दिसत असेल, तर खाली कोरा कागदच आहे असे धरून मी खूण करीत नाही.

चूर्णाच्या त्या पानाचा दुसरा फोटो मी मागवून घेतला. त्यात 'घेऊ नये' स्वच्छ दिसले. मी कंस काढला आणि दुरुस्ती कोणत्या फोटोवरून केली ते तळटीपेत नोंदवले. अंगठा या खेपेस दोन ओळी खाली सरकला होता.