साडी अनवाणी नेसायची

शनिवार, रात्री साडेदहा

पाय दुखताहेत, पण आज लिहून ठेवायलाच हवं. मागच्या वर्षीही असंच झालं होतं. तेव्हा लिहिलं नाही आणि सगळं विसरून गेले.

नणंद आणि भाची काल मुंबईहून आल्या. आज सकाळी पंचवटी करायचं ठरलं. रामकुंड, कपालेश्वर, मग काळाराम आणि शेवटी सीतागुंफा. आम्ही नाशिकचे लोक पाहुणे आले की हे सगळं एका सकाळीत उरकतो. अंतरं फार नाहीत, त्यामुळे गाडी एकदा लावली की पुढे पायीच. पण चपला दर ठिकाणी काढायच्या, पुन्हा घालायच्या, दोन गल्ल्या ओलांडल्या की पुन्हा काढायच्या. घाटावर एकदा, देवळांत तीनदा आणि मध्ये भाचीला प्रसादाचे पेढे हवे होते म्हणून दुकानाच्या ओट्यावर एकदा, असं आज पाच वेळा झालं.

ताई तयार होऊन बाहेर आल्या तेव्हा खरंच छान दिसत होत्या. मोरपंखी रेशमी साडी, काठ जमिनीला जेमतेम टेकलेला, पायांत दोन इंचांच्या टाचेची, घोट्याशी बक्कल असलेली सँडल. निऱ्या एकसारख्या, चाकूने कापल्यासारख्या. आमच्या आई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, नेहमीच्या सुती साडीत, घोटे उघडे. ताई हसून म्हणाल्या, "आई, तू अजून साडी आखूडच नेसतेस." आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी रबरी चपला पायांत सरकवल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

घोळ तिथेच झाला होता, पण तो आम्हाला रामकुंडावर कळला. ताईंनी साडी सँडल घालून नेसली होती. म्हणजे काठाची उंची दोन इंच उंच असलेल्या बाईसाठी मोजलेली. घाटावर सँडल काढली, बाई दोन इंचांनी खाली आली आणि साडी होती तिथेच राहिली. काठ दोन इंच फरशीवर लोळायला लागला. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या, लोक पाय धुऊन वर येत होते. चार पावलांत फॉल भिजला. फॉल सुती, तो पाणी पितो. भिजला की जड होतो आणि निऱ्यांना खाली ओढायला लागतो. कपालेश्वराच्या पायऱ्या चढेपर्यंत ताईंच्या निऱ्या ढिल्या झाल्या होत्या. मग एका हाताने निऱ्या धरल्या, दुसऱ्या हातात फुलांची परडी, आणि आधाराला हातच उरला नाही. त्या पायऱ्या चांगल्याच चढाव्या लागतात. मी मागे होते, म्हणून एकदा तोल गेला तेव्हा कोपर धरता आलं.

माझी गंमत त्याच पायऱ्यांवर मागच्या वर्षी झाली होती. मी पलाझो घातला होता. घेर मोठा आणि तळ पावलापर्यंत. चढताना काही वाटलं नाही, उतरताना स्वतःच्याच टाचेखाली कापड आलं आणि तीन पायऱ्या बसत उतरले. लागलं काही नाही, पण दोन दिवस बसवत नव्हतं. चप्पल असताना तोच पलाझो कधी पायाखाली आला नव्हता, कारण चपलेच्या तळाची जाडी त्याला उचलून धरायची. चप्पल पायांतून निघाली की प्रत्येक कपडा तेवढाच लांब होतो, हे साधं गणित आहे. पण आपण आरशात बघतो ते चप्पल घालून, नाहीतर कमरेच्या वरच.

आईंचं बरोबर होतं. त्या साडी अनवाणी नेसतात. फरशीवर उभं राहायचं, काठ घोट्याच्या हाडाच्या वर ठेवायचा. जमिनीपासून साधारण चार बोटं, म्हणजे तीन इंच. घरी आरशात ते आखूड दिसतं. देवळात कुणी बघतही नाही, तिथे सगळ्यांचेच घोटे दिसत असतात. मुद्दा एवढाच की साडी वर घेतली की परकर खाली डोकावतो. मी हे दोन महिन्यांपूर्वी शिकले. रोजचा परकर रोजच्या साडीच्या मापाचा असतो. मग कमरेशी दुमडून वर घ्यावा तर पोटाशी गोळा होतो आणि नाडी सैल पडते. म्हणून मी एक सुती परकर खालून अडीच इंच आत दुमडून टीप मारून घेतला. काठापेक्षा इंचभर वरच राहतो. कपाटात तो वेगळा ठेवलाय. घेरही भरपूर आहे. हल्ली तो अंगाला चिकटणारा साडी शेपर मिळतो, त्यात लग्नाला उभं राहायला बरं वाटतं, पण पायरी मोठी असली की पाऊल टाकता येत नाही आणि उकिडवं बसणं तर विसराच.

आणि उकिडवं बसावंच लागतं, सीतागुंफेत. वाट अरुंद, छत ठेंगणं, मागे-पुढे माणसं. वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसतच पुढे सरकायचं. तिथे कपड्यांची खरी परीक्षा होते. भाचीने घातली होती घट्ट जीन्स आणि कमरेपर्यंतचा टॉप. रस्त्यावर काहीच वावगं नव्हतं. पण वाकली की पाठ उघडी पडायची आणि मागून येणाऱ्यांच्या नजरेला ती नको तेवढी दिसायची. तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. एका हाताने टॉप खाली ओढत, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत ती पुढे सरकत होती. जीन्समुळे गुडघेही नीट वाकत नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामी, मला वाटलं अंग झाकलं म्हणजे झालं." मी म्हटलं, "उभी असताना झाकलं होतं गं."

संध्याकाळी तिला माझे दोन कुर्ते घालून बघायला लावले. घरातच, अनवाणी. खाली वाकायचं, उकिडवं बसायचं, घंटा वाजवतात तसा उजवा हात पूर्ण वर करायचा, मग जमिनीवर डोकं टेकायचं. पहिल्या कुर्त्याचे बाजूचे कट कमरेपर्यंत होते, बसल्यावर दोन्हीकडून मांडी दिसायला लागली. खाली लेगिंग होती, पण तिचंही कापड गुडघा वाकवला की ताणून विरळ होत होतं. दुसरा कुर्ता गुडघ्याच्या खाली चार बोटं, कट अर्ध्या मांडीशी थांबलेले. खाली सरळ मोहरीची सुती पँट, घोट्यापर्यंतच. तो सगळ्यात पास झाला. ओढणी मात्र नमस्काराला वाकली की पुढे येऊन जमीन पुसत होती, म्हणून एका खांद्यावर सेफ्टी पिन लावली आणि दुसरं टोक तिरकं घेऊन कमरेला गाठ मारली. चुडीदार तिने आपणहून बाजूला ठेवला. पोटरीवर चुण्यांचा गठ्ठा आणि मांडी घातली की गुडघ्यात अडकतो.

तिच्या बुटांबद्दल लिहायचं राहिलंच. नाडीचे पांढरे बूट, आत मोजे. पहिल्यांदा काढले तेव्हा मोजे पायांतच ठेवले. रामकुंडाच्या ओल्या फरशीवर ते भिजले, आणि ओला मोजा गुळगुळीत दगडावर घसरतो. मग मोजे काढले, तर ओला पाय बुटात जाईना. दर वेळी ही खाली बसून नाड्या सोडतेय, बांधतेय आणि आम्ही तिघी उन्हात उभ्या. ताईंच्या बक्कलचं त्याहून कठीण. ते लावायला वाकावं लागतं आणि वाकलं की पदर खाली येतो. आईंची गुडघ्यांची तक्रार जुनी आहे, पण त्यांना आज एकदाही वाकावं लागलं नाही. पाय आत सरकवला की झालं.

मी कोल्हापुरी घालत नाही पंचवटीला. आवडतात, पण घाटावर चामडं ओलं झालं की मऊ पडतं, पट्टा सैल होतो आणि पाय त्यात इकडे-तिकडे हलायला लागतो. माझी चप्पल रबरी तळाची, मागे पट्टा नसलेली आणि जुनी. देवळाबाहेर नव्या चपलेचं काय होतं ते सांगायला नको. माझ्या डाव्या चपलेला आतून लाल दोरा बांधलेला असतो, पन्नास काळ्या चपलांत पटकन सापडते.

काळारामाला पोचायला साडेअकरा वाजले, ते या काढण्या-घालण्यामुळेच. देऊळ काळ्या दगडाचं, अंगणातही दगडी फरशी. मार्च संपत आलाय, त्यामुळे तोपर्यंत ती तापली होती. सावलीतून सावलीत लोक टाचांवर पळत होते. पळताना साडी दोन्ही हातांनी उचलावी लागते, आणि ताईंच्या हातात तर आधीच ओल्या निऱ्या होत्या. दर्शन मात्र शांत झालं. आत गारवा होता, ताई खांबाला टेकून बराच वेळ बसल्या.

घरी आल्यावर ती मोरपंखी साडी दोरीवर टाकली. काठावर पाण्याची वाकडी रेघ उमटलीय आणि फॉल आटून सुरकुतलाय, कारण लावण्याआधी तो धुऊन घेतलेला नव्हता. उसवून नवा लावावा लागेल. कापडावरची रेघ जाईल का ते ड्रायक्लीनवाल्यालाच विचारू.

उद्या सकाळी नाशिकरोडला मुक्तिधाम. तिथे संगमरवर आहे, कोरडा असेल. ताईंनी माझी निळी सुती साडी आणि तो अडीच इंच दुमडलेला परकर मागून घेतलाय. मघाशी बघितलं तर हॉलमध्ये अनवाणी उभ्या राहून नेसून बघत होत्या आणि आई खाली बसून काठ बोटांनी मोजत होत्या. म्हणाल्या, "अजून एक बोट वर घे."