पुणे ते रत्नागिरी, कुंभार्लीमार्गे: प्लग-इन हायब्रिड घेऊन जाताय तर बॅटरी होल्ड कुठे लावायचं ते वाचून जा

भाओजींची प्लग-इन हायब्रिड घेऊन पाच जण आणि डिकीभर सामान, असे रत्नागिरीला जाऊन आलो. घाट, अंतर, कुठे जेवायचं हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच, ते लिहीत नाही. लिहायचंय ते फक्त बॅटरीबद्दल, कारण गाडी घेताना शोरूमवाल्याने भाओजींना ठामपणे सांगितलं होतं की लांब जाताना फुल चार्ज करा, घरातून निघतानाच होल्ड दाबा, आणि कोकणात उतरलात की आरामात ईव्हीवर फिरा. हा सल्ला कुंभार्लीसाठी साफ चुकीचा आहे आणि पाच माणसं बसलेली असताना मी तर त्याला धोक्याचाच म्हणेन.

कारण सांगतो. होल्ड म्हणजे बॅटरी आत्ता जितकी आहे तितकीच राखायची, गाडी मग साध्या हायब्रिडसारखी पेट्रोलवर चालते. आता शंभर टक्क्यांवर होल्ड लावून तुम्ही कोयनानगर मागे टाकून घाटमाथ्यावर आलात तर बॅटरीत जागाच नाही, आणि उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून जी वीज तयार करते, ज्याने गाडीचा वेग आवरला जातो, ती वीज ठेवायची कुठे? मग ते ब्रेकिंग कमी होतं किंवा बंदच होतं आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. पेडलला पायाखाली काही फरक जाणवत नाही हे सगळ्यात वाईट, कारण गाडी आतल्या आत मोटरचं काम पॅडवर ढकलते. ओळखायचं कसं, तर पॉवर मीटरवर चार्जिंगच्या बाजूला काटा जातो तो ब्रेक दाबूनही हलत नाही. आम्हाला ते कळलं वासाने, पोफळीच्या अलीकडे पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला, मागे बसलेल्या आत्याने आधी ओळखला. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, चाकाजवळ हात नेला तरी झळ लागत होती. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

हिशोब बघा. गाडी माणसं-सामानासकट 2,700 किलो धरा आणि उतार 500 मीटरचा धरा, तर साधारण पावणेचार युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. टायर-हवेत एखादं युनिट जातं, बाकीच्यातून नुकसान वजा करून दोनेक युनिट बॅटरीत परत येऊ शकतात. आमच्या बॅटरीतले वापरायला मिळतात साधारण 9 युनिट, म्हणजे घाटमाथ्यावर पोचताना पाव बॅटरी तरी रिकामी हवी. 65-70 टक्के असेल तर उत्तम. आणि गिअर बी मध्ये टाका, म्हणजे पाय काढला की गाडी स्वतःच आवरते आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो.

म्हणून माझं सांगणं असं की पुण्यातून निघताना होल्ड लावूच नका. वारजे ते नवले पूल जी रांग असते तिथे ईव्हीवर चला, बॅटरी 70 वर आली की कात्रजच्या बोगद्याच्या चढाआधी होल्ड लावा आणि मग उंब्रज, पाटण, कोयनानगर सगळं होल्डवर. हायवेला बॅटरी जाळण्यात अर्थ नाही. एक युनिट तुम्हाला हायवेला चारेक किलोमीटर नेतं, तेवढ्याला पेट्रोल लागतं 300 मिली, कारण स्थिर 90 ला इंजिन चांगलं चालतं, 13 च्या आसपास देतं. तेच युनिट जाममध्ये वापरलं, जिथे इंजिनचं ॲव्हरेज 8 वर येतं, तर अर्धा लिटर वाचतं. वीज तीच, फायदा दीडपटीच्या वर, म्हणून बॅटरी राखायची ती चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरच्या जामसाठी आणि संगमेश्वरच्या रस्त्याच्या कामासाठी. तिथे ईव्हीवर टाका आणि निवांत बसा, एसी तासाला एखाद-दीड युनिट खातो पण इंजिन चालू-बंद होत नाही.

एक गोष्ट कुठेच नीट सांगितलेली नाही. आमच्या गाडीत बंद करून पुन्हा सुरू केली की होल्ड निघून जातं. उंब्रजला चहाला थांबलात तर निघताना परत स्क्रीनवर जाऊन लावा, नाहीतर गाडी गुपचूप बॅटरी खात बसते आणि पाटण यायच्या आत निम्मी संपलेली असते.

होल्डच्या शेजारीच चार्ज नावाचं बटण असतं, त्यात इंजिन चालता चालता बॅटरी भरतं. त्याला हात लावू नका. पेट्रोलची वीज करायची आणि विजेने परत चाक फिरवायचं, दोन्ही वेळा नुकसान, ॲव्हरेज सरळ पडतं.

ज्यांच्याकडे हायरायडर किंवा ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड आहे त्यांना होल्ड नाहीच, बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. ईव्ही बटण पार्किंगमधून किंवा गल्लीतून बाहेर काढण्यापुरतं, वेग वाढला की आपोआप सुटतं. पण घाटाचा नियम तुम्हालाही लागू आहे, उलट जास्तच, कारण पाऊण युनिट अर्ध्या घाटातच भरतं. मग बी मध्ये पाय काढलेला असताना इंजिन जोरात ओरडायला लागतं. ते बिघाड नाही, पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवून गाडी आवरली जातेय. घाबरून डी मध्ये टाकू नका, पॅड वाचतायत.

आता चार्जिंग. हायवेवरचे फास्ट चार्जर बहुतेक प्लग-इन हायब्रिडना जोडताच येत नाहीत, आमची फक्त एसी चार्जिंग घेते, त्यामुळे मॅपवर चार्जर दिसला म्हणून हातखंब्याला वाट वाकडी करू नका. उरतो मुक्कामाचा 15 अँपिअरचा सॉकेट. गणपतीपुळ्याच्या बाजूला एका रिसॉर्टने रात्रभराच्या चार्जिंगचे 500 रुपये लावले, तेही सकाळी बिलात, आधी चकार शब्द नाही. रात्रीत गेली 10 युनिट, म्हणजे 50 रुपये युनिट! तेवढ्यात गाडी चालते 35-40 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 13-14 रुपये, आणि पेट्रोलवर तीच गाडी 8 रुपयांत पडते. खोली घेतानाच भाव विचारा, युनिटला 25-30 च्या वर सांगितला तर सरळ नाही म्हणा. आणि अर्थिंग बघा, ते नीट नसेल तर चार्जरवर लाल दिवा येतो आणि सकाळी बॅटरी होती तिथेच असते. लावल्यावर दहा मिनिटं थांबून खात्री करूनच झोपायला जा.

चार्जिंग नक्की मिळणार असेल तर हातखंब्यापासून होल्ड काढा आणि शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर ईव्हीवर संपवून टाका. उरलेली बॅटरी घेऊन सॉकेटला पोचण्यात काही फायदा नाही. नक्की नसेल तर 30 टक्के राखून ठेवा, कारण परतीला कुंभार्ली चढायचाय. रिकाम्या बॅटरीवर इतकं वजन घेऊन इंजिन एकटं चढतं तेव्हा ट्रकला ओव्हरटेक करायला मोटरचा जोर मिळत नाही. त्यामुळे परतीला हातखंबा ते चिपळूण होल्ड, आणि घाट सुरू झाला की साधा हायब्रिड मोड लावा, ईव्ही नको. तीव्र वळणावर पाय जोरात दाबला की तसंही इंजिन सुरू होणारच असतं, ते आधीपासून सुरू असलेलं बरं.