चाळीस मुलांचे दहा गट: माझा अनुभव

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवते. वर्गात चाळीस मुले आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी अहिराणी आणि सहा जणांच्या घरी पावरी बोलली जाते. गटकार्याचे नियोजन करताना मुलांना आपापल्या मर्जीने बसू दिले, तर मैत्रीचे आणि पाड्या-वस्तीचेच गट होतात. म्हणून गट कागदावर मांडूनच करायचे, असे मी ठरवले.

पाच जणांच्या गटात एक मूल हमखास वहीपासून लांब राहते, म्हणून चार-चार जणांचे दहा गट घेतले. पायाभूत चाचणीच्या गुणांनुसार मुलांचा क्रम लावून दहा-दहाच्या चार ओळी केल्या. आता या ओळींतून गट उचलण्याच्या दोन रीती आहेत. नागमोडी रीतीने पहिल्या गटात १, २०, २१ आणि ४० हे क्रमांक येतात, तर दहाव्यात १०, ११, ३० आणि ३१. सगळ्या गटांची बेरीज सारखीच भरते, परंतु पहिल्या गटात सर्वांत पुढचे आणि सर्वांत मागचे मूल समोरासमोर येते. मग एक समजावत राहते, दुसरे ऐकत राहते आणि मधली दोघे नुसती बसून राहतात. सरळ रीतीने पहिल्या गटात १, ११, २१, ३१ आणि दहाव्यात १०, २०, ३०, ४० असे क्रमांक येतात. येथे गटागटांची ताकद थोडी कमी-जास्त होते, पण प्रत्येक मुलाच्या लगत त्याला पेलेल एवढ्याच अंतरावरचे दुसरे मूल असते. मी गटांची आपसांत स्पर्धा लावत नाही, त्यामुळे बेरीज सारखी असण्याची मला गरज नव्हती. मी सरळ रीत निवडली.

त्यानंतर एकटे पडणारे मूल शोधले. अठरा मुली आणि बावीस मुलगे असल्याने नऊ गटांत दोन-दोन मुली बसवता येतात आणि एक गट फक्त मुलग्यांचा होतो. तीन मुलग्यांत एकटी मुलगी कोठेही राहत नाही. पावरी बोलणारी मुलेही मी जोडीनेच ठेवली. तिसऱ्या गटात तेराव्या क्रमांकाचा पावरी बोलणारा मुलगा एकटा होता आणि शेजारच्या चौथ्या गटात चौतिसाव्या क्रमांकाची पावरी बोलणारी मुलगी. ती मुलगी आणि तेहतिसाव्या क्रमांकाची मुलगी यांची मी अदलाबदल केली. एकाच ओळीतल्या, लगतच्या मुलांचीच अदलाबदल करायची, हा नियम पाळला की मूळ मिश्रण बिघडत नाही. गटांना क्रमांक न देता तापी, गिरणा, पांझरा, अनेर अशी नद्यांची नावे दिली आणि बसण्याच्या जागा गुणांच्या क्रमाने लावल्या नाहीत, कारण कोण कोणत्या ओळीतून आले हे मुले चटकन ओळखतात.

जबाबदाऱ्या चार ठेवल्या: प्रश्न वाचून तो सर्वांना समजला की नाही हे विचारणारा वाचक, लेखक, साहित्य आणि वेळ सांभाळणारा आणि वर्गापुढे उत्तर मांडणारा. दर तासाला जबाबदारी बदलली तर मुले तिच्यात मुरत नाहीत, म्हणून बदल दर सोमवारी होतो आणि चार आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते. खरी अडचण पुढेच आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की काही मुले आठवडा-आठवडा येत नाहीत, आणि भिंतीवरचा तक्ता तारखेप्रमाणे फिरत राहिला तर नेमकी त्यांचीच मांडणीची पाळी बुडते. त्यासाठी मी चाळीस नावांचा आणि चार रकान्यांचा एक कागद ठेवला आहे. जबाबदारी प्रत्यक्ष पार पाडल्यावरच रकान्यात खूण होते. गैरहजर मुलाचे काम त्या आठवड्यापुरते वेळ सांभाळणाऱ्याकडे जाते आणि ज्याचा रकाना रिकामा आहे, त्याला परत आल्यावर आधी ती पाळी मिळते.

पाळी खरोखर फिरते आहे का, हे गटाच्या वहीतील अक्षरावरून कळते. एका गटात सलग तीन आठवडे एकच वळणदार अक्षर दिसले; सुबक लिहिणाऱ्या मुलीकडेच सगळे वही सरकवत होते. तेव्हापासून प्रत्येक गटाला एकच पेन मिळते आणि ते लेखकाच्याच हाती राहते. इतरांनी सांगायचे, लिहायचे मात्र नाही.

मांडणीसाठी तयारी लागते. केळीचा भाव क्विंटलला १२०० रुपये असेल तर ३५ किलोचे किती, हा प्रश्न तिसऱ्या गटाकडे असताना पाळी त्या पावरी बोलणाऱ्या मुलीची होती. तिने एका किलोचे १२ रुपये ही पायरी आधी आपल्या जोडीदाराला पावरीत सांगितली, मग गटाला मराठीत सांगितली आणि नंतर फळ्यापाशी जाऊन ४२० हे उत्तर मांडले. ही दोन मिनिटे मी आता प्रत्येक गटकार्यात राखून ठेवते. गट दोन फेऱ्यांपर्यंत तेच राहतात. नंतर ताज्या गुणांवरून नवा क्रम लावून ते पुन्हा मांडते, मात्र पावरी बोलणाऱ्या मुलांच्या जोड्या तेव्हाही तोडत नाही.