प्रदर्शनाची रजा

बालगंधर्व कलादालनातले शनिवार-रविवार नेमके कुणाच्या नशिबी असतात, देव जाणे. आमच्या लेखा शाखेतल्या मॅडमच्या जलरंगांच्या पहिल्याच एकल प्रदर्शनाला मिळाले ते मंगळवार, बुधवार, गुरुवार. ऑफिस केंद्र सरकारचं आणि रजेचे अर्ज माझ्या टेबलावर, त्यामुळे त्या आधी माझ्याकडेच आल्या. अर्जात कारण होतं, ‘घरगुती काम’.

म्हटलं, “मॅडम, निमंत्रणपत्रिका कालच ऑफिसच्या ग्रुपवर आलीय. साहेबांनी अंगठाही दिलाय.”

लोकांना वाटतं, खरं कारण लिहिलं की रजा अडते. उलट आहे. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला पंधरावा नियम साहित्य, कला, विज्ञान यांतलं प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करू देतो. अट एवढीच, की सरकारी कामाचा खोळंबा होता कामा नये. अडचण येते ती भिंतीवर किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या की. तिथे धंद्याचा वास येतो, आणि धंद्याला परवानगी लागते. विक्री करायची असेल तर रजेच्या अर्जाबरोबर तेही लेखी विचारून घ्यावं. बाईंनी घेतलं.

मग हिशेब. सीएल वर्षाला फक्त आठ, आणि सीएलला ईएल जोडता येत नाही. म्हणजे एक तर सगळी ईएल, नाही तर सगळी सीएल. बाईंना ईएल मोडायची नव्हती. ती त्यांनी मुलीच्या बाळंतपणासाठी राखलेली. पण सीएल अर्ध्या दिवसाचीही मिळते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही. सोमवारी दुपारनंतर अर्धी, चित्रं टांगायला. मंगळवारी पूर्ण, उद्घाटनाला. बुधवारी परत अर्धी. गुरुवारी पूर्ण, कारण शेवटच्या संध्याकाळी माणसं येतात आणि मग सगळं उतरवून गुंडाळून न्यायचं असतं. झाले तीन दिवस. साडेतीनची तयारी ठेवून आल्या होत्या. वाचलेल्या अर्ध्या दिवसाचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता.

बुधवारी सकाळी दालनात भाचीला बसवायचं ठरलं. दुपारी स्टेशनहून मेट्रो धरली की संभाजी उद्यानला उतरून दालन चार पावलांवर. तरी त्यांचा जीव खालीवर, “नेमकं घेणारं गिऱ्हाईक सकाळीच आलं तर?” मी म्हटलं, भाचीजवळ वही ठेवा, नाव-नंबर लिहून घेऊ दे. बुधवारी सकाळी अकराला जंगली महाराज रस्त्यावर चित्र विकत घ्यायला निघालेला माणूस असलाच, तर तो संध्याकाळपर्यंत थांबेलही.

साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि उद्घाटन किती वाजता, ते विचारलं. सहा वाजता. ऑफिसही सहालाच सुटतं. मग मंगळवारी एक तास लवकर निघण्यासाठी अख्ख्या लेखा शाखेचे अर्ज आले. अर्थातच माझ्या टेबलावर.