गाडीवर पैसे उचलले, अडकलं ते जुन्या बोजात

आमच्या घाटंजीसारख्या गावात "आरसी दाखवा, पैसे घेऊन जा" अशा पाट्या चौकाचौकात दिसतात. माझ्या दुचाकीचं मोल ठरवणं, आधार, पासबुक, सह्या हे सगळं झटपट झालं. घोडं अडलं ते आरसीवरच्या एका ओळीत. गाडी घेताना काढलेलं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर त्या जुन्या फायनान्सवाल्याचं नाव तसंच होतं. ते निघाल्याशिवाय नवा बोजा, म्हणजे नव्या कंपनीचं नाव, आरसीवर चढत नाही आणि बोजा चढल्याशिवाय नवी कंपनी पैसे सोडत नाही.

लोकांना वाटतं, शेवटचा हप्ता भरला की गाडी मोकळी झाली. तसं नसतं. कर्ज देणाऱ्याकडून एनओसी आणि त्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, त्यावर आपली सही करायची आणि परिवहन कार्यालयात, म्हणजे आमच्यासाठी यवतमाळला, अर्ज लावून फी भरायची. तेव्हा कुठे नाव निघतं. बहुतेक एनओसीवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. कपाटात जपून ठेवलेली जुनी एनओसी म्हणूनच कामाची राहत नाही, नवी मागावी लागते. आणि नवी मागायला गेलं की शाखा म्हणते, फाइल हेड ऑफिसला आहे. शाखा हलली किंवा कंपनी दुसरीत विलीन झाली असेल तर आता पत्र कोण देणार, हे काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं. माझा सगळा संताप याच खिडकीवरचा आहे. तोंडी विचारत बसलं की फक्त "उद्या या" ऐकू येतं. कर्ज खाते क्रमांक, गाडी नंबर, चेसिस नंबर आणि शेवटच्या हप्त्याची पावती जोडून लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि तोच मजकूर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेलवर टाकायचा. कागद हलतो तो मेलनंतरच. हाती आलेल्या एनओसीवरचं नाव आणि चेसिसचा एकेक आकडा आरसीशी तिथेच उभं राहून ताडून घ्या. एक अक्षर चुकलं तरी अर्ज परत येतो.

हे सगळं पैशांची गरज पडायच्या आधी करता येतं. वाहन पोर्टलवर आरसीची माहिती काढली की फायनान्सरचं नाव दिसतं. नोंदीतला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदला, नाहीतर ओटीपी जुन्याच नंबरवर जाईल.

आता खरा खर्च. समजा ५०,००० रुपये, २४ महिने, "फक्त १५ टक्के". हे १५ टक्के फ्लॅट असतात, म्हणजे पूर्ण रकमेवर दोन्ही वर्षं व्याज. व्याज १५,००० आणि हप्ता साधारण २,७०८ रुपये. मुद्दल दर महिन्याला घटतं, ते धरलं तर हाच दर वर्षाला साडेसव्वीसच्या पुढे जातो. त्यातून प्रोसेसिंग, विमा, स्टॅम्प असे ४,००० आधीच कापून हातात ४६,००० आले, तर दर ३५ टक्क्यांच्याही वर. एजंट हप्ता सांगतो, दर नाही. सही करण्याआधी केएफएस मागा, मुख्य माहितीचा तो कागद. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वर्षाचा खरा दर, पाहा. बँका आणि एनबीएफसींनी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांनी, नव्या कर्जावर हा कागद देणं १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे.

आपल्याकडे दुसरी अडचण तारखेची. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला, कापसाचा चुकारा येणार दिवाळीनंतर. खात्यात पैसे नसले की बँक दंड लावते, कंपनी वेगळा लावते. गाडी ओढून नेण्याआधी किती दिवसांची नोटीस, कोणत्या स्थितीत नोटीस नाही, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी, हे करारात लिहिलेलं असायला हवं. एनबीएफसींना तसा नियम आहे. ते कलम सहीच्या आधी वाचायचं. दमदाटी करून, माणसं घालून गाडी हिसकावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच त्यावर ताशेरे ओढलेत. वसुलीवाला आला तर त्याचं अधिकारपत्र पाहा आणि गाडी गेलीच तर डिक्कीतल्या सामानासह जप्तीची यादी घ्या. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम आपल्याच डोक्यावर राहते. गाडी गेली म्हणजे कर्ज फिटलं, असं होत नाही.

एक सांगायचं राहिलं. गावातला सावकार गाडी ठेवून घेतो आणि कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या मागतो. ते गाडी विकल्याचे फॉर्म आहेत, तारण ठेवल्याचे नव्हेत. त्या सह्या दिल्या की गाडी तुमच्या मागे कोणाच्याही नावावर चढू शकते. परवाना नसताना अशी सावकारी करणाऱ्याची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे लेखी करता येते, तिचीही पोच घ्या.