उभ्या बसने संपवलेलं डेटा पॅक

सोमवारी सकाळी सातला बस सुटली आणि पाच मिनिटांत स्टॉपवरच्या मुलांचे फोन सुरू झाले. नकाशावर बस अजून कॉलेजच्या यार्डातच दिसत होती. ट्रॅकर आमच्या प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बनवलेला. त्यातलं १०० एमबीचं मासिक पॅक शनिवारी दुपारी दोनला सुरू झालं होतं आणि आता शून्यावर होतं. ड्रायव्हर मामा म्हणाले, "सर, गाडी शनिवारपासून जागची हललेली नाही."

नेमकं तेच कारण होतं. ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडलेला, त्यामुळे चावी काढली तरी दर १० सेकंदांनी जागा पाठवत राहिला. अक्षांश, रेखांश, वेग मिळून मजकूर जेमतेम ६० बाइटचा. पण दर वेळी एचटीटीपीएसची नवी जोडणी व्हायची आणि सर्टिफिकेटच्या देवाणघेवाणीसकट एका निरोपाला साधारण ७ केबी लागायचे. तासाला ३६० निरोप म्हणजे अडीच एमबी. चाळीस तासांत, म्हणजे सोमवारी पहाटे सहाला, पॅक संपलं.

मला जास्त काळजी बॅटरीची वाटली. २४ व्होल्टच्या लाइनवर मीटर लावला, तर उभ्या गाडीतही ६० मिलिअँपिअर जात होते. शनिवार-रविवारी हे जाणवत नाही, पण दीड महिन्याच्या सुट्टीत सुमारे ६५ अँपिअर-तास होतात. एवढ्यावर जुनी बॅटरी स्टार्टर फिरवेलच असं नाही.

मग मुलांना घेऊन बसलो. चावीची तार व्होल्टेज उतरवून कंट्रोलरला दिली. चावी बंद असली की जीपीएस बंद, मोडेम झोपलेला, अर्ध्या तासाला एकच निरोप. व्होल्टेज उतरवणारं स्वस्त मॉड्यूल रिकामं असतानाही स्वतःच ५ ते १० मिलिअँपिअर खातं, ते काढून कमी खाणारं बसवलं. नाहीतर बचतीचा काही भाग तिथेच गेला असता.

चालत्या गाडीसाठी दोन निरोपांमध्ये किती वेळ ठेवायचा यावर बराच वाद झाला. मुलांना ५ सेकंद हवे होते. पण ताशी ३६ किलोमीटर वेगाने १५ सेकंदांत बस १५० मीटर जाते, आणि स्टॉपवर उभ्या मुलीला एवढी अचूकता भरपूर झाली. म्हणून १५ सेकंद ठरवले; सिग्नलला अडकली तर मिनिटाला एक. एचटीटीपीएसऐवजी एमक्यूटीटी ही छोट्या निरोपांसाठीची हलकी पद्धत घेतली आणि तिची एकच जोडणी फेरीभर उघडी ठेवली. आता निरोप हेडरसकट २०० बाइटच्या आसपास जातो. रोज चार तास गाडी चालली तरी २०० केबीच्या आत, महिन्याला ५ एमबी.

अडचण एक राहिली. रात्रभर बंद असलेल्या जीपीएसला उपग्रह शोधायला अर्धा-एक मिनिट लागतं, झाडाखाली आणखी जास्त. पण चावी लावल्यावर ब्रेकची हवा भरेपर्यंत मामा गाडी हलवतच नाहीत. तेवढ्यात जागा मिळते.