पावलांचा आवाज आणि चालण्याचे शब्द

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटांचे ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिणे, म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत पडद्यावरचे दृश्य शब्दांत सांगणारी संहिता तयार करणे, हे माझे काम आहे. या कामात एक शिस्त कसोशीने पाळावी लागते. दिसते ते सांगायचे, आणि दिसण्यावरून निघणारा अर्थ ऐकणाऱ्यावर सोपवायचा. ‘तो दुःखी आहे’ असे लिहायचे नाही. त्याची मान खाली आहे, हात खिशात आहेत, असे लिहायचे. ही शिस्त सर्वांत अवघड जाते ती माणूस नुसता चालत असतो तेव्हा, आणि एका चित्रपटाच्या तपासणीच्या दिवशी जवळजवळ सगळा वेळ आम्ही एकाच म्हाताऱ्याच्या चालण्यावर घालवला.

चित्रपट परदेशी होता, संवाद अगदी थोडे होते. किनाऱ्यावरच्या गावातला एक म्हातारा मुलाच्या जहाजाची बातमी विचारायला धक्क्यावरच्या कचेरीत जातो आणि परत येतो, एवढेच त्यात पुन्हा पुन्हा घडते. सोबत आलेल्या इंग्रजी संहितेत त्याच्या चालण्याला चार प्रसंगी चार क्रियापदे वापरलेली होती: पहिल्या सकाळी स्ट्रोल, कुत्र्याबरोबर घरी परतताना अॅम्बल, कचेरीत शिरताना स्ट्राइड आणि शेवटी वाळूतून जाताना ट्रज. माझ्या तरुण सहकाऱ्याने केलेल्या पहिल्या मराठी खर्ड्यात या चारही ठिकाणी ‘चालत जातो’ किंवा ‘चालत येतो’ असे आले होते.

आमच्या तपासनीस ताई स्वतः जन्मतः दृष्टिहीन आहेत आणि संहिता वाचून दाखवली जात असताना मूळ ध्वनिपट्टीही त्या बारकाईने ऐकतात. शेवटच्या प्रसंगात म्हातारा वाळूत बसून रडू लागला, तेव्हा त्यांनी पट्टी थांबवायला सांगितली. “हे एकदम कुठून आलं? आत्तापर्यंत तर हा माणूस ठीक होता,” त्या म्हणाल्या. त्यांचा प्रश्न रास्त होता. डोळे असलेल्या प्रेक्षकाला म्हाताऱ्याची उमेद खचत जाताना दिसत होती, आणि ती चेहऱ्यावर नव्हे, चालीत दिसत होती, कारण कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्या पाठीमागेच होता. चार चालींची एकच चाल झाली, तेव्हा कथेचा कणाच निघून गेला.

असे होण्यामागे निव्वळ घाई नसते. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी भाषांची जी विभागणी मांडली, तिच्यात इंग्रजी ही चालण्याची रीत क्रियापदातच कोंबणारी भाषा ठरते. आत, बाहेर, वर, खाली ही दिशा ती एखाद्या छोट्या शब्दाने नंतर जोडते. मराठीत बहुधा उलटे घडते. येणे, जाणे, शिरणे, निघणे, उतरणे या आपल्या क्रियापदांत दिशा असते, आणि रीत सांगायची तर ती बाहेरून लावावी लागते: ‘रेंगाळत’, ‘तरातरा’, ‘पाय आपटत’. ही जोड ऐच्छिक असल्यामुळे लिहिणाऱ्याच्या हातून सहज गळते आणि वाक्य व्याकरणाने पुरे झालेले असल्यामुळे काही गळले आहे हे जाणवतही नाही. शिवाय ट्रज हा एका झटक्यात होणारा उच्चार असतो, तर आपल्याला त्यासाठी दोन-तीन शब्द लागतात, आणि ऑडिओ डिस्क्रिप्शनमध्ये जागा सेकंदांनी मोजलेली असते.

सहकाऱ्याने तासाभरात दुसरा खर्डा केला. त्यात पहिल्या सकाळी म्हातारा ‘आनंदाने’ चालत होता, कचेरीत ‘रागाने’ शिरत होता आणि शेवटी ‘निराश होऊन’ वाळूतून जात होता. हे वाचून होताच ताई म्हणाल्या, “राग मला त्याच्या आवाजावरून कळू दे. तुम्ही मला पावलं सांगा.” मग आम्ही तिघे एकेक प्रसंग घेऊन बसलो.

स्ट्रोल आणि अॅम्बल यांचा निकाल लवकर लागला. दोन्हींत घाई नाही, पण स्ट्रोलमध्ये फिरण्याची हौस आहे. माणूस आपणहून, मोकळ्या मनाने पाय मोकळे करतो. अॅम्बल हा मुळात घोड्याच्या आरामशीर चालीचा शब्द आहे, त्यात हौसेपेक्षा शरीराची सैल, सावकाश लय जास्त आहे, म्हणून गुरेढोरेही अॅम्बल करू शकतात, स्ट्रोल मात्र सहसा माणसेच करतात. पहिल्या सकाळी म्हातारा वाटेत थांबून जाळी पाहतो, बोटींना हात लावतो, तेव्हा तिथे ‘रमतगमत’ नेमका बसला. ‘फेरफटका मारतो’ हे मी बाजूला ठेवले, कारण त्यात जाऊन परत येणे गृहीत असते आणि इथे त्याला कचेरी गाठायची होती. कुत्र्याबरोबरच्या प्रसंगासाठी ‘सावकाश, कुत्र्याच्या चालीने’ असे ठरले. त्यात म्हाताऱ्याच्या मनाविषयी काहीच म्हटलेले नाही, आणि इंग्रजी शब्दही त्या जागी तेवढेच तटस्थ होते.

खरा पेच स्ट्राइडचा होता. कचेरीचे दार उघडते, म्हातारा आत येतो आणि कारकुनाच्या टेबलापाशी उभा राहतो. वर्णनाला जेमतेम दोन सेकंद मिळत होती. सहकाऱ्याने आधी ‘ताडताड’ सुचवले. शब्द जोरकस आहे, पण तो राग घेऊनच येतो. ताडताड चालणारा माणूस भांडायला निघाला आहे असेच मराठी कानाला वाटते. चित्रपटात मात्र म्हातारा आत येतो, टोपी काढून टेबलावर ठेवतो आणि अगदी हळू आवाजात विचारतो. स्ट्राइडमधून राग निघू शकतो, आत्मविश्वास निघू शकतो, नुसता निश्चयही निघू शकतो. यांतले कोणते, ते पुढचा क्षण ठरवतो. ‘ताडताड’ लिहिले असते तर आम्ही तो क्षण येण्याआधीच निकाल देऊन बसलो असतो, आणि म्हाताऱ्याचा हळू आवाज ऐकणाऱ्याला विसंगत वाटला असता.

मग ‘झपाझप’ पुढे आला. हा मला पटत होता, कारण त्यात राग नाही आणि वेळेतही तो बसत होता. पण ताईंनी ध्वनिपट्टीचा तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. लाकडी फरशीवर बुटांचे आवाज येत होते, आणि ते एकमेकांपासून चांगले लांब होते. “पावलं तर संथ पडतायत. तुम्ही झपाझप म्हणता, मला तसं ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. मी चित्र पुन्हा पाहिले. म्हातारा दारापासून टेबलापर्यंत फार थोड्या पावलांत पोहोचत होता, पण पावले भराभर पडत नव्हती. वेगाने जाण्याचे दोन मार्ग असतात, पावलांची संख्या वाढवणे किंवा पावलाची लांबी वाढवणे, आणि स्ट्राइडचा जीव लांबीत आहे; ते क्रियापद पाय फाकून टाकण्याच्या अर्थातून आलेले आहे. ‘झपाझप’, ‘भराभर’, ‘लगबगीने’ हे शब्द संख्येचे आहेत. लगबगीने जाणाऱ्याला उशीर झालेला असतो, मोठ्या पावलांनी जाणाऱ्याने आत जायचे पक्के केलेले असते. दोन मनःस्थिती वेगळ्या आहेत, आणि त्यांतला फरक या वेळी कानांनीच पकडून दिला.

मराठीत पावलाच्या लांबीसाठी ‘ढांग’ हा शब्द आहेच. ‘लांब लांब ढांगा टाकत तो आत येतो’ हे वाक्य वेळेत बसेना. निवेदकाने म्हणून पाहिले तेव्हा शेवटचे शब्द दाराच्या आवाजावर चढत होते. ‘लांब लांब’ काढले, कारण ढांग लांबच असते. ‘तो’ही काढला, कारण कोण येणार हे ठाऊकच होते. ‘ढांगा टाकत आत येतो’ एवढे उरले. ते बुटांच्या आवाजाशी जुळले, दाराच्या आवाजाआधी संपले, आणि राग आहे की निश्चय हे त्याने खुले ठेवले. ताईंनी तो तुकडा तीनदा ऐकला आणि पुढे चला म्हणाल्या.

ट्रजसाठी जागा अधिक होती, चारएक सेकंद, पण मोहही अधिक होते. पहिला मोह ‘जड पावलांनी’ या वाक्प्रचाराचा. तो ऐकायला शारीरिक वाटतो, पण वापरून वापरून त्याचा अर्थ मनाकडे पूर्ण झुकला आहे. निरोप देऊन निघालेला माणूस जड पावलांनी जातो, मग त्याचे पाय प्रत्यक्षात कसेही पडत असोत. तो लिहिणे म्हणजे ‘निराश होऊन’ हेच आडवाटेने लिहिणे झाले असते. दुसरा मोह ‘पाय ओढत’ याचा. इथे चित्रच आड आले. पाय ओढणाऱ्याचे पाऊल जमिनीवरून उचलले जात नाही, तर म्हाताऱ्याचे पाऊल दरवेळी ओल्या वाळूत रुतत होते आणि गुडघा वर घेऊन त्याला ते सोडवून घ्यावे लागत होते. ‘रखडत’मध्ये मागे पडणे आहे, ‘रेंगाळत’मध्ये निघायची इच्छा नसणे आहे, तो तर एकदाही थांबत नव्हता.

ट्रज म्हणजे सावकाश चालणे असे कोशात पाहून अनेकजण समजतात, पण त्यात सावकाशपणा हा परिणाम आहे. मुळाशी आहेत ते कष्ट आणि त्या कष्टांनंतरही न थांबणे. चिखलातून, बर्फातून, चढावरून माणूस ट्रज करतो. दमलेला माणूस सपाट रस्त्यावरही करतो, कारण त्याचे शरीरच त्याला ओझे झालेले असते. त्यामुळे खिन्नता या क्रियापदाला चिकटून येते, तरी ती त्यात सांगितलेली नसते. कष्टाचा भाग ‘रुतणारे पाय उपसत’ या शब्दांनी आला. न थांबण्याचा भाग कोणत्याही विशेषणाने येईना, तो आला सहायक क्रियापदाने: ‘चालतो’ऐवजी ‘चालत राहतो’. ‘राहणे’ जोडताच थांबण्याची शक्यता वाक्यात उभी राहते आणि माणूस ती नाकारताना दिसतो. मराठी क्रियापदात रीत फारशी मावत नसेल, पण क्रिया कशी टिकते, कशी तुटते, हे सांगण्याची सोय तिच्यात उदंड आहे, आणि भाषांतर करणारे ती पुरेशी वापरत नाहीत असे मला वाटते.

‘वाळूत रुतणारे पाय उपसत तो हळूहळू चालत राहतो,’ असे वाक्य निवेदकाने वाचले. पुढच्या तुकड्यात म्हातारा खाली बसतो आणि रडू लागतो. या वेळी ताईंनी पट्टी थांबवली नाही. प्रसंग संपल्यावर त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: ‘हळूहळू’ नको, पाय उपसत जाणारा माणूस आणखी कसा जाणार? आम्ही तो शब्द खोडला, वाचलेल्या अर्ध्या सेकंदात लाटेचा आवाज मोकळा ऐकू येऊ दिला, आणि चारही वाक्ये ध्वनिमुद्रणासाठी निवेदकाच्या हाती दिली.